गुडघ्यामागे सूज आणि ताण... पाण्याची गाठ की शिरेतली गुठळी?

गुडघ्याच्या मागे जो खोलगट भाग असतो त्याला मराठीत लवण म्हणतात. उठताबसताना या लवणीत काही तरी अडकल्यासारखे वाटू लागते, पाय पूर्ण सरळ करताना ताण येतो आणि काही दिवसांनी पोटरीही सुजते. चाळिशी-पन्नाशीनंतर अनेकांना हा अनुभव येतो. बहुतेक जण तेल लावतात, शेक देतात, क्रेप बँडेज बांधतात. पण या तक्रारीमागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. त्यातले एक म्हणजे सांध्यातल्या पाण्याची गाठ, म्हणजेच ‘बेकर्स सिस्ट’. ती त्रासदायक असली तरी क्वचितच धोकादायक ठरते. दुसरे म्हणजे पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी, म्हणजेच ‘डीव्हीटी’. या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर जीव जाऊ शकतो. बाहेरून दोन्हींची सूज सारखीच दिसते. मग डॉक्टर फरक कसा ओळखतात आणि ‘ती तर जुनीच पाण्याची गाठ आहे’ असे घरच्या घरी ठरवणे का चुकते, ते पाहू.

लवणीत पाण्याची गाठ कशी तयार होते?

गुडघ्याच्या सांध्यात वंगणासारखे काम करणारा थोडासा चिकट द्रव नेहमीच असतो. गुडघ्याची झीज झाली, आतली गादी फाटली किंवा संधिवात बळावला, की सांध्याचे अस्तर चिडते आणि हा द्रव गरजेपेक्षा जास्त तयार होऊ लागतो. जास्तीच्या द्रवाला बाहेर पडायला जागा हवी असते. लवणीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, मांडीच्या एका स्नायूची दोरी आणि पोटरीच्या स्नायूचा वरचा भाग एकमेकांवर घासतात. त्यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी एक लहानशी पिशवी असते. अनेक प्रौढांमध्ये ही पिशवी एका चिंचोळ्या वाटेने सांध्याला जोडलेली असते.

ही वाट पाण्याच्या पंपातल्या एकदिशा झडपेसारखी वागते. गुडघा वाकवला की वाट उघडते आणि सांध्यातला द्रव मागच्या पिशवीत शिरतो. गुडघा सरळ केला की दोन स्नायूंमध्ये वाट दाबली जाते आणि आत गेलेला द्रव परत येऊ शकत नाही. दिवसभराच्या प्रत्येक उठबशीला थोडा थोडा द्रव मागे ढकलला जातो आणि पिशवी फुगत जाते. फुगलेल्या पिशवीतल्या द्रवाचा पातळ भाग शोषला जातो आणि उरलेला घट्ट होत जातो. म्हणूनच जुन्या गाठीत सुई घातली, तर जेलीसारखा द्रव निघतो.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले आणि गाठीला त्यांचे नाव मिळाले. त्याआधी १८४० मध्ये डब्लिनचे रॉबर्ट अॅडम्स यांनीही अशा गाठीची नोंद केली होती. ही गाठ हा स्वतंत्र आजार नसून सांध्यातल्या बिघाडाचा परिणाम आहे, हे बेकर यांचे निरीक्षण प्रौढांच्या बाबतीत आजही लागू पडते. गाठ मागे दिसते, पण दुखणे गुडघ्याच्या आत असते.

गुठळी त्याच जागी का होते?

याच लवणीतून पायाची मुख्य खोल शीर वर जाते. पोटरीतले रक्त या शिरेतून मांडीकडे आणि तिथून हृदयाकडे परतते. पायातले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायला स्वतंत्र पंप नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरेतले रक्त वर ढकलतात. माणूस अनेक दिवस अंथरुणाला खिळला, पाय प्लास्टरमध्ये राहिला किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली, की हा पंप थंडावतो आणि रक्त साचू लागते. त्यातच शिरेच्या आतल्या अस्तराला इजा झाली असेल किंवा कर्करोग, गर्भारपण, काही हार्मोनच्या गोळ्या यांमुळे रक्त गोठण्याकडे झुकले असेल, तर शिरेत गुठळी धरते.

गुठळी अनेकदा पोटरीच्या लहान शिरांत सुरू होते. ती तिथेच राहिली तर धोका तुलनेने कमी असतो. मात्र ती वाढत लवणीतल्या शिरेत किंवा त्याहून वर मांडीत पोहोचली, की तुकडा सुटून फुप्फुसाकडे जाण्याची भीती बरीच वाढते. पोटरीच्या सुजेपेक्षा डॉक्टरांना लवणीतल्या शिरेची चिंता अधिक असते, ती यामुळेच.

लक्षणांवरून फरक कळतो का?

काही खुणा मदत करतात. पाण्याची गाठ बहुधा लवणीच्या आतल्या बाजूला, चेंडूसारखी गोल हाताला लागते. रुग्ण पाय सरळ करून उभा राहिला की ती घट्ट होते आणि गुडघा साधारण ४५ अंशात वाकवला की मऊ पडते किंवा नाहीशीच होते. या खुणेला फूशर यांचे नाव आहे. ज्या झडपेमुळे गाठ तयार होते, तिचाच हा परिणाम आहे. सरळ पायात स्नायू पिशवीला आवळतात आणि वाकवल्यावर सैल सोडतात. शिवाय अशा रुग्णाला गुडघेदुखी बहुधा आधीपासून असते आणि गाठ काही आठवडे किंवा महिन्यांत हळूहळू मोठी झालेली असते.

गुठळीत हाताला गोल गाठ लागत नाही. पोटरी किंवा पूर्ण पाय सुजतो, जड वाटतो, गरम लागतो आणि कधी त्वचेचा रंग लालसर किंवा निळसर होतो. सूज काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येते. बोटाने दाबल्यावर खळगा पडतो. गुडघा वाकवला किंवा सरळ केला तरी सुजेत फरक पडत नाही.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. गोंधळ सुरू होतो तो गाठ फुटल्यावर. जिना उतरताना किंवा खाली बसून उठताना पिशवीवरचा दाब एकदम वाढतो आणि ती फाटते. आतला द्रव पोटरीच्या स्नायूंमधून खाली झिरपतो. अनेक रुग्ण ‘पोटरीतून गरम पाणी वाहत गेल्यासारखे वाटले’ असे सांगतात. हा द्रव पोटरीतल्या पेशींना चिडवतो. काही तासांत पोटरी सुजते, लाल होते, दुखते आणि दाबल्यावर खळगा पडतो. म्हणजे गुठळीची जवळजवळ सगळी लक्षणे हजर होतात. वैद्यकीय पुस्तकांत या अवस्थेला ‘खोटी शिरागुठळी’ अशा अर्थाचे वेगळे नावच आहे. इतकेच नाही, तर फुटून रिकामी झाल्यामुळे लवणीतली गोल गाठ आता हाताला लागत नाही. म्हणजे ओळखीची जी खूण होती, तीच नेमकी पुसली जाते.

फुटलेल्या गाठीची एक खूण काही दिवसांनी दिसू शकते. झिरपलेला द्रव आणि रक्त खाली उतरून घोट्याच्या हाडाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा काळानिळा डाग उमटतो. तो दिसला तर निदानाला बळ मिळते. पण तो प्रत्येकात दिसत नाही, उशिरा दिसतो आणि तो आहे म्हणून शेजारच्या शिरेत गुठळी नाही, असे सिद्ध होत नाही.

एक जुनी चाचणी अजूनही काही जण घरी करून पाहतात. पाऊल वरच्या बाजूला वाकवायचे आणि पोटरीत कळ आली तर गुठळी समजायची. ही होमन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी भरवशाची नाही. फुटलेल्या गाठीत आणि साध्या स्नायूच्या ताणातही कळ येते आणि गुठळी असूनही काहींना अजिबात येत नाही.

मग डॉक्टर ठरवतात कसे?

लक्षणे एकटी निर्णय देत नाहीत, म्हणून डॉक्टर शक्यतेचा हिशेब मांडतात. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी गुणपद्धत कॅनडातील डॉक्टर फिलिप वेल्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली आणि २००३ मध्ये सुधारली. तिच्यात पुढील प्रत्येक गोष्टीला एक गुण मिळतो. कर्करोगाचे चालू किंवा नुकतेच झालेले उपचार, पायाचा लकवा किंवा प्लास्टर, तीन किंवा अधिक दिवस अंथरुणात किंवा गेल्या १२ आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया, खोल शिरेच्या मार्गावर दाबल्यावर दुखणे, पूर्ण पाय सुजणे, दुसऱ्या पोटरीपेक्षा घेर ३ सेंटीमीटरहून जास्त असणे, फक्त त्याच पायावर खळगा पडणे, त्वचेखालच्या पर्यायी शिरा उठून दिसणे आणि पूर्वी गुठळी झालेली असणे.

शेवटी एक वजाबाकी आहे. गुठळीइतकेच किंवा त्याहून शक्य असे दुसरे कारण डॉक्टरांना दिसत असेल, तर दोन गुण वजा होतात. फुटलेली पाण्याची गाठ हे अशा दुसऱ्या कारणाचे नेहमीचे उदाहरण. एकूण बेरीज दोन किंवा जास्त आली तर गुठळी ‘शक्य’ आणि एक किंवा कमी आली तर ‘कमी शक्य’ मानतात. ‘कमी शक्य’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

हिशेब प्रत्यक्षात कसा चालतो?

समजा, ६१ वर्षांचे एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. उजव्या गुडघ्याची झीज सहा वर्षांची जुनी. लवणीत लिंबाएवढी गाठ वर्षभर आहे आणि ‘पाण्याची गाठ आहे, काळजी नको’ असे त्यांना आधीच सांगितलेले आहे. रविवारी जिना उतरताना लवणीत काही तरी सुटल्यासारखे वाटले आणि संध्याकाळपर्यंत पोटरी टम्म झाली. मंगळवारी ते दवाखान्यात आले. ताप नाही, दम लागत नाही.

डॉक्टर आधी दोन्ही पोटऱ्या मोजतात. वाटीच्या खाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली टेप लावायचा असतो. दोन्ही पायांवर नेमक्या त्याच जागी मोजले नाही, तर फरकाला अर्थ राहत नाही. डावी पोटरी ३५ सेंटीमीटर भरते आणि उजवी ३८.५. फरक साडेतीन, म्हणून एक गुण. खोल शिरेच्या रेषेवर दाबल्यावर ते कळवळतात, दुसरा गुण. उजव्या पायावर खळगा पडतो, तिसरा गुण. शस्त्रक्रिया नाही, कर्करोग नाही, पूर्वी गुठळी नाही. फुटलेली गाठ हे तितकेच शक्य कारण दिसते, म्हणून दोन गुण वजा. हाती उरतो एक. म्हणजे ‘कमी शक्य’.

अशा रुग्णात पुढची पायरी म्हणजे डी-डायमर ही रक्ततपासणी. शरीरात गुठळी तयार होऊन विरघळू लागली, की तिचे बारीक अंश रक्तात येतात. ही तपासणी ते अंश मोजते. नेहमीची मर्यादा ५०० धरतात. वय वाढते तसे हे अंश एरवीही वाढतात, म्हणून पन्नाशीपुढच्या रुग्णात वयाला १० ने गुणून मर्यादा काढता येते. इथे ती ६१० येते. आकडा याच्या खाली आला असता, तर गुठळी नाही असे पुरेशा खात्रीने सांगून सोनोग्राफी टाळता आली असती. पण अहवालात ७८० येतो.

याचा अर्थ गुठळी सापडली असा होत नाही. डी-डायमर संधिवाताच्या दाहात, जंतुसंसर्गात, गर्भारपणात आणि शस्त्रक्रियेनंतरही वाढतो. कमी आकडा शक्यता खोडून काढतो, जास्त आकडा मात्र काहीच सिद्ध करत नाही. म्हणून या रुग्णाला त्याच दिवशी पायाच्या शिरांच्या डॉप्लर सोनोग्राफीसाठी पाठवले जाते.

आता एकच गोष्ट बदलून पाहा. याच गृहस्थांची नऊ आठवड्यांपूर्वी पूर्ण भूल देऊन मोठी शस्त्रक्रिया झाली असती, तर आणखी एक गुण वाढला असता आणि वजाबाकी करूनही बेरीज दोन झाली असती. तेव्हा रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता सोनोग्राफी आधी करतात. सूज तीच, गाठ तीच, पण मागचा इतिहास वेगळा म्हणून वाट वेगळी.

व्हॉट्सअॅपवर आलेला अहवाल वाचताना एक काळजी घ्यावी. सगळ्या प्रयोगशाळा डी-डायमर एकाच एककात देत नाहीत. वर सांगितलेली ५०० ही मर्यादा ‘एफईयू’ एककात, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची आहे. काही अहवालांत ‘डीडीयू’ एकक असते आणि तिथे मर्यादा साधारण निम्मी, म्हणजे २५० च्या आसपास धरतात. काही ठिकाणी आकडा ०.५ असा लिहिलेला असतो. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे थेट एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

सोनोग्राफीत नेमके काय पाहतात?

तत्त्व अगदी सोपे आहे. शिरेची भिंत मऊ असते. सोनोग्राफीचा प्रोब त्वचेवर दाबला, की निरोगी शीर पूर्ण चपटी होते आणि पडद्यावरून जणू गायब होते. आत गुठळी असेल तर ती दबत नाही. जांघेपासून लवणीपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर दाबून हेच तपासले जाते. डॉप्लरमुळे शिरेतला प्रवाह रंगात दिसतो, पण निर्णायक असते ते दाबल्यावर शीर बंद होणे.

पाण्याची गाठ याच पडद्यावर काळ्या पोकळीसारखी दिसते. तिच्यात प्रवाह नसतो आणि दोन स्नायूंच्या दोऱ्यांमधून सांध्याकडे जाणारी तिची मान दिसते. ही मान दिसली की ओळख पक्की होते. गाठ फुटली असेल तर पोकळी लहान झालेली किंवा नाहीशी दिसते आणि पोटरीच्या स्नायूवर खालपर्यंत उतरलेला द्रवाचा थर दिसतो. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांत हेच दिसते आणि त्यांच्या सगळ्या शिरा दाबल्यावर बंद होतात.

लवणीत एक तिसरी गोष्टही असू शकते, ती म्हणजे फुगलेली रोहिणी. तिथली मोठी शुद्ध रक्तवाहिनी कमकुवत होऊन फुगली, तरी गाठच हाताला लागते, फक्त ती नाडीसारखी उडते. पाणी समजून तिच्यात सुई घातली तर अनर्थ होईल. म्हणून गाठीतले पाणी काढण्याआधी सोनोग्राफी हवीच.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. पोटरीच्या बारीक शिरांतली छोटी गुठळी सुटू शकते. अनेक ठिकाणी लवणीपर्यंतच्याच शिरा पाहतात. त्यामुळे पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली, पण डी-डायमर वाढलेला असेल, तर सहा ते आठ दिवसांनी ती पुन्हा करण्याची पद्धत आहे. छोटी गुठळी वर सरकली असेल तर तोपर्यंत ती दिसते. पुन्हा बोलावले म्हणून ‘उगाच खर्चात पाडले’ असे समजून दुसरी तपासणी टाळली, तर पहिलीचा अर्धा उपयोग वाया जातो.

गाठ आहे म्हणजे गुठळी नाही, असे का म्हणता येत नाही?

कारण दोन्ही एकाच वेळी असू शकतात. मोठी गाठ शेजारून जाणाऱ्या शिरेवर दाब देते. दाबामुळे रक्त साचते आणि साचलेल्या रक्तात गुठळी धरू शकते. शिवाय गुडघेदुखीमुळे माणूस चालणे कमी करतो, पोटरीचा पंप मंदावतो आणि धोक्यात भर पडते. म्हणून पडद्यावर गाठ दिसताच तपासणी थांबवणे ही चूक ठरते. शिरा पूर्ण दाबून पाहिल्या आहेत का, हे अहवालात नोंदलेले असायला हवे. गुडघ्यामागच्या गाठीची सोनोग्राफी आणि पायाच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी या वेगळ्या तपासण्या आहेत. चिठ्ठीवर फक्त पहिली लिहिली असेल आणि पोटरी सुजलेली असेल, तर ‘शिराही पाहायच्या आहेत का?’ असा प्रश्न रुग्णाने जरूर विचारावा.

वेल्स पद्धतीतली वजाबाकीही याच कारणाने जपून वापरावी लागते. इतर सगळे गुण मोजता येतात, पण ‘दुसरे कारण तितकेच शक्य आहे का’ हे डॉक्टरांच्या अंदाजावर अवलंबून असते. रुग्णानेच आत येताना ‘माझी जुनी पाण्याची गाठ आहे’ असे सांगितले, तर अंदाज त्या बाजूला झुकतो आणि दोन गुण सहज कमी होतात. म्हणून गाठीबद्दल सांगताना नवीन काय झाले, हे आधी सांगणे महत्त्वाचे. सूज कधी आली, किती वेळात वाढली, अलीकडे शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा दीर्घ आजारपण झाले का, घरात कुणाला गुठळी झाली होती का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ही माहिती गाठीच्या इतिहासापेक्षा अधिक उपयोगी पडते.

चुकीच्या निदानाने काय बिघडते?

गुठळीला पाण्याची गाठ समजले, तर नुकसान उघड आहे. उपचार सुरूच होत नाहीत आणि गुठळी फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते. त्यातच पोटरीला जोरात मालिश केले, तर गुठळीचा तुकडा सुटण्याची भीती असते. सुजलेल्या, दुखऱ्या पोटरीचे निदान होईपर्यंत मालिश करू नये, असे डॉक्टर सांगतात ते यासाठी.

उलट चूकही निरुपद्रवी नाही. फुटलेल्या गाठीला गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधे सुरू केली, तर फाटलेल्या पिशवीतून पोटरीत रक्तस्राव होऊ शकतो. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या घट्ट आवरणात असतात. आत दाब वाढत गेला, तर स्नायूंना आणि नसांना रक्त मिळेनासे होते. पोटरी दगडासारखी कडक होते, दुखणे सुजेच्या मानाने फारच जास्त असते, बोटे हलवल्यावर कळ असह्य होते आणि पाऊल बधिर पडते. हे क्वचित घडते, पण घडले तर काही तासांत शस्त्रक्रिया करून दाब मोकळा करावा लागतो.

मग सोनोग्राफी लगेच होणार नसेल तर? गुठळीची शक्यता जास्त असेल, तर थांबणे अधिक धोक्याचे मानतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाची सोनोग्राफी चार तासांत व्हावी. ते शक्य नसेल तर रक्त पातळ करणारे औषध तात्पुरते सुरू करून २४ तासांच्या आत तपासणी पूर्ण करावी. मात्र हा निर्णय रक्तस्रावाचा धोका तोलून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. घरात कुणाची तरी उरलेली गोळी घेण्याचा हा प्रसंग नव्हे.

उपचार कसे वेगळे असतात?

गुठळी ठरली तर रक्त पातळ करणारी औषधे किमान तीन महिने घ्यावी लागतात. हेपरिनची इंजेक्शने, वॉरफरिन, तसेच अॅपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्साबॅन या गोळ्या त्यासाठी वापरतात. ही औषधे गुठळी वितळवत नाहीत. ती गुठळीला वाढू देत नाहीत आणि विरघळण्याचे काम शरीरच हळूहळू करते. म्हणून सूज ओसरली की गोळ्या बंद करणे धोक्याचे असते. ती ओसरली तरी आतले काम अपुरे असू शकते.

पाण्याच्या गाठीत उपचार गुडघ्यावर होतो. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे, संधिवातावर औषध, गरज पडल्यास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, यांमुळे द्रव तयार होणे कमी झाले की गाठही लहान होते. त्रास देणारी गाठ सोनोग्राफीच्या मदतीने सुईने रिकामी करता येते, पण सांध्यातला बिघाड तसाच राहिला तर झडप पुन्हा काम सुरू करते आणि गाठ परत भरते. न दुखणाऱ्या गाठीला काहीच करावे लागत नाही. गाठ फुटलेल्या आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना पाय उंच ठेवणे, थंड शेक, साधे वेदनाशामक आणि झेपेल तसे चालणे एवढे पुरते. पोटरी काही आठवड्यांत उतरते. डी-डायमर वाढलेला असल्याने आठवड्याने त्यांच्या शिरा मात्र पुन्हा तपासल्या जातात.

केव्हा थांबू नये?

लवणीत गाठ आहे, पण पोटरी सुजलेली नाही आणि गुडघा वाकवल्यावर गाठ मऊ पडते, अशा वेळी काही दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले तरी चालते. एका पायाची पोटरी नव्याने सुजली, तर गाठ जुनी असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भवती, नुकतीच बाळंतीण झालेली स्त्री, कर्करोगाचे रुग्ण आणि अलीकडे शस्त्रक्रिया झालेले यांनी तर अजिबात वेळ घालवू नये. ताप आणि लालसर, गरम त्वचा असेल तर जंतुसंसर्गाचाही विचार करावा लागतो.

अचानक दम लागणे, श्वास आत घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येणे किंवा छातीत धडधड वाढणे यांपैकी काहीही झाले, तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता धरून थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. महाराष्ट्रात १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. फोनवर बोलताना ‘पाय सुजला आहे आणि आता दम लागतो आहे’ हे दोन्ही एकाच वाक्यात सांगावे.